पिशवी चुरगळली, अक्षरं मात्र सरळच?

इन्स्टावर स्क्रोल करताना घरगुती फराळाची एखादी जाहिरात समोर येते. खाकी कागदी पिशवी, मस्त चुरगळलेली, खिडकीतून तिरपा उजेड पडलेला. फोटो झकास. पण पिशवीवरचं नाव बघितलं की काहीतरी खटकतं. कागदाला वीस सुरकुत्या आणि अक्षरं मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ! हे नाव पिशवीवर छापलेलं नाही, फोटोवर नंतर चिकटवलेलं आहे, हे कळायला डिझायनर असावं लागत नाही.

इंग्रजी अक्षरांत ही चोरी थोडी तरी लपते, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं. देवनागरीत लपत नाही. आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावरून सलग शिरोरेखा जाते. सुरकुती जिथे कागद मोडते तिथे ती रेघही मोडली पाहिजे. नाही मोडली, तर डोळ्याला लगेच कळतं. म्हणजे शिरोरेखा ही आपली फुकटातली तपासणीची पट्टी आहे आणि आजचं सगळं काम आपण तिच्याकडे बघतच करणार आहोत.

या कामासाठी फोटोशॉपमध्ये `Displace` नावाचा जुना फिल्टर आहे. त्याला एक करडं चित्र द्यायचं, म्हणजे डिस्प्लेसमेंट मॅप. त्या चित्रातला उजळपणा बघून फिल्टर अक्षरांचे पिक्सेल सरकवतो. मेनूतल्या पायऱ्या कुठेही सापडतील. पण त्या जशाच्या तशा करूनही अनेकांचं काम फसतं, कारण एक गोष्ट लक्षात घेतलेली नसते. हा मॅप सुरकुत्या वाचत नाही, फक्त उजेड आणि अंधार वाचतो. एखादी जागा घडीमुळे काळी आहे, शाईमुळे काळी आहे की खोलीच्या त्या बाजूला उजेडच कमी आहे, हे त्याला कळत नाही. ते आपण ठरवायचं. हे डोक्यात ठेवलंत की पुढची प्रत्येक पायरी का करायची, ते आपोआप कळेल.

आपली केस

समजा, ओळखीतल्या एका बचत गटाला दिवाळीच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. पिशव्या अजून छापलेल्या नाहीत. हातात आहे ती जुनी पिशवी, तिच्यावर लाल शाईत ‘ताजे फरसाण’ असं छापलंय. तुम्हाला तिचा फोटो काढून त्यावर गडद हिरव्या अक्षरांत ‘दिवाळी फराळ’ दाखवायचंय. हा फोटो बघूनच काकू ठरवणार की कोणत्या अक्षरांत पिशव्या छापायच्या. म्हणजे फोटोत अक्षरं खोटी सरळ दिसली, तर निर्णयही खोट्या चित्रावर होणार. चुरगळल्यावर नाव वाचता येतं का, हाच तर खरा प्रश्न आहे.

फोटो मोबाइलवर काढला तरी चालेल. आपण 3000 बाय 4000 पिक्सेलचा उभा फोटो धरू. फ्लॅश मात्र बंद ठेवा. समोरून पडलेला उजेड सगळ्या सुरकुत्या सपाट करून टाकतो आणि मग मॅपला वाचायला काही उरतच नाही. पिशवी खिडकीपाशी ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. प्रत्येक सुरकुतीची एक बाजू उजळ आणि दुसरी काळसर दिसली की फोटो कामाचा.

आधी जुनं नाव घालवा

बरेच जण इथेच गडबड करतात. फोटो घेतला, काळा-पांढरा केला, ब्लर मारला, मॅप म्हणून सेव्ह केला. जुनी अक्षरं तशीच आत! मग फिल्टरला ‘ताजे फरसाण’ हीसुद्धा एक सुरकुतीच वाटते. नवीन शिरोरेखा जुन्या अक्षरांवरून जाताना पायऱ्या उतरल्यासारखी खालीवर होते. आणि तुम्ही फोटोतलं जुनं नाव नंतर कितीही सफाईने पुसलंत, तरी त्याचं भूत नव्या अक्षरांच्या आकारात उरतं.

शाई लाल आहे, याचा इथे मोठा फायदा आहे. फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन चॅनेलचा बनलेला असतो. लाल शाई लाल उजेड परतवते, खाकी कागदही लाल उजेड बऱ्यापैकी परतवतो. त्यामुळे `Channels` पॅनेलमध्ये जाऊन नुसता `Red` चॅनेल बघितलात, तर अक्षरं जवळजवळ गायब झालेली दिसतील. सुरकुत्या मात्र जागच्या जागी असतील, कारण सावली तिन्ही चॅनेलमध्ये काळीच असते. निळ्या चॅनेलमध्ये याच्या उलट घडतं, तिथे अक्षरं अगदी गडद दिसतात.

या एकाच चॅनेलमधून दोन कामं होतात. पहिलं, फोटोतलं जुनं नाव घालवणं. `Red` चॅनेल कॉपी करून फोटोच्या वर नवीन लेयर म्हणून पेस्ट करा आणि मास्क लावून तो फक्त जुन्या अक्षरांपुरता दिसेल असं करा. तो करडा दिसेल. त्यावर कागदाच्या रंगाचा `Solid Color` लेयर क्लिप करून त्याचा ब्लेंड मोड `Color` ठेवा. लाल चॅनेल मूळ फोटोपेक्षा उजळ असतो, म्हणून करड्या लेयरवर `Levels` लावून तो आजूबाजूच्या कागदात मिसळेपर्यंत गडद करा. कडांवर काही राहिलंच तर `Healing Brush` आहेच.

मग `Content-Aware Fill` का नको? कारण तो शेजारचा कागद बघून नवीन कागद रचतो. कागद पटण्यासारखा दिसतो, पण त्यातल्या सुरकुत्या खऱ्या नसतात. डावीकडून आलेली घडी अक्षरापाशी गायब होते आणि पलीकडे दुसरीच सुरू होते. लाल चॅनेलमधली घडी मात्र त्या पिशवीची स्वतःची आहे.

शाई काळी असती तर ही युक्ती चालली नसती, कारण काळी शाई तिन्ही चॅनेलमध्ये काळीच असते. अशा वेळी सरळ पिशवीची मागची कोरी बाजू चुरगळून फोटो काढा. दोन तास पुसत बसण्यापेक्षा ते बरं.

मॅप तयार करताना

दुसरं काम म्हणजे मॅप. मूळ फोटोची `Image > Duplicate` करून प्रत काढा. `Red` चॅनेलवर क्लिक करा आणि `Image > Mode > Grayscale` निवडा. बाकीचे चॅनेल टाकून द्यायचे का, असं फोटोशॉप विचारेल. हो म्हणा. आता हातात फक्त करडी पिशवी आहे. अक्षरांची पुसट खूण दिसत असेल तर ती इथेही घालवा. इथे फार सफाई लागत नाही, कारण हे चित्र कुणाला दाखवायचं नाहीये.

आता फिल्टरची भाषा समजून घेऊ. मॅपमध्ये प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 यांपैकी एक आकडा असतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. बरोबर मधला 128 हा करडा रंग असेल तिथे अक्षर हलत नाही. त्यापेक्षा उजळ जागी अक्षर वर आणि डावीकडे सरकतं, काळसर जागी खाली आणि उजवीकडे.

यातून लगेच एक अडचण उभी राहते. आपली खिडकी समजा डावीकडे आहे. म्हणजे पिशवीची अख्खी डावी बाजू उजळ आणि उजवी काळसर. फिल्टरला हा सगळा उतार एक भलीमोठी सुरकुती वाटेल. ‘दिवाळी’ वर चढेल, ‘फराळ’ खाली घसरेल आणि ओळ तिरकी होईल. शिवाय खाकी कागद मुळात 128 पेक्षा बराच उजळ असला, तर सगळंच नाव आपल्या जागेवरून डावीकडे वर उडी मारेल.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, `Filter > Other > High Pass`. हा फिल्टर रुंद, सावकाश बदलणारा उजेड काढून टाकतो आणि लहान चढउतार ठेवतो. सपाट भाग आपोआप मधल्या करड्यावर येतो. आपल्या फोटोसाठी `Radius` 150 पासून सुरुवात करा. आकडा वाढवला की जास्त रुंद लाटा टिकतात, कमी केला की फक्त बारीक घड्या उरतात. पडद्यावर सगळीकडे एकसारखा करडा कागद आणि त्यावर उजळ-काळ्या घड्या दिसल्या की थांबा.

पुढचा शत्रू म्हणजे कागदाचा पोत. खाकी कागदात बारीक तंतू आणि ठिपके असतात. फिल्टर त्यांनाही उंचवटे समजतो आणि शिरोरेखेची कड उंदराने कुरतडल्यासारखी होते. यासाठी सगळीकडे भरपूर `Gaussian Blur` मारायला सांगितलेलं दिसतं. पण कागद आणि कापड यांत फरक आहे. कापडाला लाटा येतात, कागदाला मात्र मोड येतो, कोन येतो. ब्लर जास्त झाला की कोनाची लाट होते आणि पिशवी कागदाची न वाटता कापडी वाटते.

म्हणून आधी `Filter > Noise > Median` वापरा, `Radius` साधारण 6. हा फिल्टर ठिपके खातो, पण घडीची धार बऱ्यापैकी ठेवतो. त्यानंतर `Gaussian Blur` फक्त 2 किंवा 3. एवढा तरी लागतोच, कारण मॅपमध्ये उजळ आणि काळा एकदम शेजारी आले तर अक्षर तिथे वाकत नाही, फाटतं.

आता ही फाइल सेव्ह करा. ती PSD असावी आणि तिच्यात लेयर नसावेत. नाव काहीही द्या, उदाहरणार्थ `pishvi-map.psd`. आणि इथून पुढे मूळ फोटो क्रॉप करू नका. मॅप आणि फोटो यांचा आकार जुळला नाही, तर वळणं भलतीकडेच येतील.

अक्षरं आणि आकडे

मूळ फोटोवर परत या आणि ‘दिवाळी फराळ’ टाइप करा. पहिली वेलांटी द च्या डावीकडे न बसता उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं सुटली, तर `Paragraph` पॅनेलच्या मेनूत `World-Ready Layout` निवडलंय का ते बघा. जुन्या आवृत्त्यांमध्ये `Preferences > Type` मध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो. फॉन्टसाठी ‘एक टाइप’चे मुक्त किंवा बलू हे दोन्ही मोफत मिळतात आणि त्यांच्यात जाड वजनंही आहेत.

पिशवी कॅमेऱ्याकडे तिरकी असेल, तर शब्दही आधी `Free Transform` ने तसाच तिरका करून घ्या. पिशवीचा कल दाखवणं हे मॅपचं काम नाही. मग लेयरवर राइट क्लिक करून `Convert to Smart Object` करा. त्यामुळे आकडे नंतर बदलता येतील आणि शब्दही बदलता येईल.

आता `Filter > Distort > Displace`. पेटीत `Horizontal Scale` आणि `Vertical Scale` या दोन्ही जागी आधीच 10 लिहिलेलं असतं. खाली `Stretch To Fit` आणि `Repeat Edge Pixels` ठेवा. ओके केल्यावर फाइल विचारली जाईल, तिथे मॅप द्या.

आणि बऱ्याचदा होतं काय, तर काहीच नाही! अक्षरं तशीच दिसतात. फिल्टर बिघडलेला नसतो, फोटो मोठा असतो. हिशोब करून बघू. स्केल 100 असताना फिल्टर जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरकवतो. म्हणजे 10 असताना साधारण 13. पण तेवढं सरकायला मॅप तिथे पूर्ण काळा हवा किंवा पूर्ण पांढरा हवा. आपल्या घडीची उजळ बाजू समजा 160 आहे. 128 पासून ती 32 ने वर आहे, म्हणजे कमालीच्या पाव. 13 चा पाव म्हणजे जेमतेम 3 पिक्सेल. शिरोरेखा जर 35 पिक्सेल जाड असेल, तर 3 पिक्सेल कुणाला दिसणार?

`Vertical Scale` 40 करा. आता कमाल 51 झाली आणि तिचा पाव साधारण 13. घडीच्या उजळ बाजूला रेघ 13 पिक्सेल वर जाईल, काळसर बाजू 96 असेल तर तिथे 13 पिक्सेल खाली येईल. दोन्ही मिळून 26 पिक्सेलचा फरक झाला, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पाऊणपट. हा मोड स्पष्ट दिसतो. फोटो 1080 पिक्सेलवर आणून पोस्ट केला तरी 9 पिक्सेल उरतात. हाच आकडा 100 केलात तर 64 पिक्सेलचा फरक होईल, रेघेचे दोन तुकडे सुटे होतील आणि अक्षर फाटल्यासारखं दिसेल.

`Horizontal Scale` 25 च्या आसपास पुरे. कारण परत शिरोरेखाच. आडवी रेघ आडवी सरकली तर ती स्वतःवरच सरकते, काही दिसत नाही. तिचा मोड दिसतो तो वर-खाली सरकल्यावर. आडवं सरकणं कळतं ते फक्त काना आणि दांड्यांमध्ये आणि ते जास्त झालं तर अक्षरांमधलं अंतर बिघडतं. हे आकडे आपल्या फोटोपुरते आहेत. तुमच्या फोटोत शिरोरेखेच्या जाडीशी तुलना करून ठरवा.

आणखी एक बघून घ्या. रेघ घडीच्या ओघाने न जाता उलट वळतेय असं वाटलं, तर मॅपची फाइल उघडून `Invert` करा, सेव्ह करा आणि फिल्टर पुन्हा लावा. उजेड कुठल्या बाजूने आलाय त्यावर हे अवलंबून असतं. दोन्ही लावून बघायचं आणि पटेल ते ठेवायचं.

वाकली, पण छापलेली वाटत नाहीत

कारण अक्षरं वळली तरी त्यांच्यावर सावली पडलेली नाही. लेयरचा ब्लेंड मोड `Multiply` करा. कागद जिथे काळवंडलाय तिथे आता शाईही काळवंडेल. पांढरी अक्षरं हवी असतील तर `Multiply` मध्ये ती दिसेनाशी होतात, तेव्हा `Screen` किंवा `Soft Light` वापरून बघा.

मग `Blending Options` मधल्या `Blend If` कडे या. तिथे `Underlying Layer` च्या पट्टीवरचा पांढरा त्रिकोण डावीकडे ओढा. घडीच्या सगळ्यात उजळ धारेवरची शाई विरळ होईल, जशी खऱ्या पिशवीवर घडीवरची शाई झिजते. `Alt` दाबून ओढलात तर त्रिकोणाचे दोन भाग होतात आणि कड मऊ राहते. शेवटी अक्षरांना 0.7 ते 1 पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या. मोबाइलच्या फोटोतली कुठलीच कड कॉम्प्युटरवर काढलेल्या अक्षराइतकी धारदार नसते.

फोटोशॉप नसेल तर मोफत मिळणाऱ्या जिंपमध्ये `Filters > Map > Displace` आहे. तिथे स्केलऐवजी थेट पिक्सेलचे आकडे द्यायचे असतात. बाकी मॅपची तयारी तीच.

जिथे मॅप हात टेकतो

आता या युक्तीची मर्यादा. उजेडावरून उंची ओळखणं हा मुळात अंदाज आहे. उजेड खरं तर सांगतो तो कागदाचा उतार, कागद किती वर आलाय ते नाही. बारीक सुरकुत्यांवर डोळा हा फरक मान्य करतो. पण कागद जिथे दुमडून स्वतःवरच आलाय, तिथे छापलेल्या अक्षराचा काही भाग घडीच्या आत दडायला हवा. मॅप पिक्सेल सरकवतो, दडवत नाही. तिथे अख्खं अक्षर वेडंवाकडं पसरतं. अशा घडीपाशी मास्क लावून अक्षर हातानेच कापावं लागतं आणि पलीकडचा भाग थोडा सरकवून बसवावा लागतो.

ही मर्यादा आपल्या काकूंच्याही कामाची आहे. बारीक फॉन्ट आणि जाड फॉन्ट एकाच मॅपवर लावून दोन फोटो शेजारी ठेवा. बारीक अक्षरांत तीच 26 पिक्सेलची उडी रेघेच्या जाडीपेक्षा मोठी होते. वेलांटी शिरोरेखेपासून सुटल्यासारखी दिसते, ‘फ’ची शेपटी घडीत हरवते. जाड अक्षरं तग धरतात. पिशव्या छापायला टाकायच्या आधी हे कळलं, तर फोटोचं काम झालं. फोटो बाहेर टाकताना मात्र तो नमुना आहे हे लिहा, कारण ती पिशवी अजून अस्तित्वात नाही.

आता उलटं बघा

जे तुम्ही पिशवीवर केलंत, तेच कुणी चुरगळलेल्या चिठ्ठीवर, मोर्चातल्या कापडी फलकावर किंवा टी-शर्टवरच्या घोषणेवर करू शकतं. असे फोटो ग्रुपवर फिरतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘खरंच असणार, अक्षरं बघ ना घडीबरोबर वाकलीयत.’ घडीबरोबर वाकणं हा पुरावा नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे.

झूम करून तीन जागा बघा. पहिली, खोल घडी. कागद दुमडलाय आणि तरी अक्षर पूर्णच्या पूर्ण दिसतंय का? दुसरी, अक्षरांची कड. फोटो धूसर आणि अक्षरंच तेवढी धारदार आहेत का? तिसरी जागा म्हणजे सपाट भाग. तिथे एकही सुरकुती नसताना शिरोरेखा थरथरलीय का? थरथरली असेल, तर त्या मॅपमध्ये डाग, पोत किंवा जुनी अक्षरं राहून गेली असण्याची शक्यता आहे. सपाट कागदावर छापलेली रेघ कारणाशिवाय वाकत नाही. पण या तिन्ही खुणा नसल्या म्हणून फोटो खरा ठरत नाही. नीट काम करणारा या तिन्ही जागा सांभाळतो. तेव्हा मूळ फोटो कुणी, कुठे टाकला होता, ते शोधावंच लागतं.